सरकलेली हद्द

गोपनीयता करार दिसायला छोटा असतो. चार-पाच पाने, ओळखीची कलमे, खाली दोन सह्या. खऱ्या व्यवहाराचा मोठा करार पुढे व्हायचा असतो. त्याआधीची बोलणी मोकळेपणाने व्हावीत म्हणून हा कागद. त्यामुळे त्याच्या भाषांतराकडेही 'उद्यापर्यंत होऊन जाईल' अशाच नजरेने पाहिले जाते. मला मात्र तपासायला आलेल्या कागदांपैकी याच कागदाला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो, आणि त्यातही एका वाक्याला. 'गोपनीय माहिती' म्हणजे काय, हे सांगणारे ते वाक्य.

पुढची सगळी कलमे त्या वाक्यावर उभी असतात. माहिती बाहेर सांगायची नाही, ठरलेल्या कामाखेरीज वापरायची नाही, काम संपल्यावर परत करायची किंवा नष्ट करायची, करार संपल्यावरही अमुक वर्षे जपायची. यांतले प्रत्येक कलम 'गोपनीय माहिती' हे दोन शब्द उचलते आणि त्यांचा अर्थ व्याख्येतून घेते. व्याख्या आक्रसली, तर ही कलमे अचूक उतरूनही आक्रसतात. फुगली, तर फुगतात. शेताचा बांध रात्रीतून हातभर सरकावा तसे हे असते. पीक तेच, माती तीच, पण कोणाचे किती ते बदललेले.

आणि बांध सरकला की नुकसान एकाच बाजूचे होते असे नाही. व्याख्या आखूड झाली तर माहिती देणाऱ्याचे संरक्षण जाते, हे लगेच लक्षात येते. व्याख्या लांबली, तर माहिती घेणारा स्वतःच्याच जुन्या ज्ञानाला हात लावायला घाबरतो. हे दुसरे नुकसान कमी दिसते, आणि बहुधा तेच अशा माणसाच्या वाट्याला येते ज्याने करार फक्त भाषांतरात वाचला आहे. म्हणून मी तपासताना दोन्ही पक्षांच्या खुर्चीत आळीपाळीने बसते.

एक उदाहरण घेऊन बोलते. धंद्याचे तपशील बदलले आहेत, कारण असे कागद तपासणाराही गोपनीयतेला बांधलेला असतो. एक कंपनी यंत्रांसाठी लागणारी रबरी सील बाहेरून करवून घेते. साच्यात दाबून ती बनवून देणारा एक छोटा कारखाना आहे. कंपनी त्याला आराखडे देणार, रबराच्या मिश्रणाचा तपशील देणार, साच्याचे तापमान आणि दाबून ठेवण्याचा वेळ सांगणार. मूळ करार इंग्रजीत, वकिलाने लिहिलेला. कारखान्याच्या मालकांना तो मराठीत हवा होता, कारण सही त्यांची असली तरी माहिती हाताळणार होते साच्यावरचे कारागीर आणि पर्यवेक्षक. भाषांतर एका अनुभवी माणसाचे होते आणि वाचायला सुरेख होते.

मूळ व्याख्या सोडवून सांगायची तर तिचे चार तुकडे पडतात. पहिला: तांत्रिक असो वा व्यावसायिक, कोणतीही माहिती. दुसरा: ती एका पक्षाने, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी, कोणत्याही स्वरूपात समोरच्या पक्षाला 'डिस्क्लोज' केलेली असावी. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: तिच्यावर गोपनीय असल्याची खूण असावी, किंवा तिचे स्वरूप अथवा ती देतानाची परिस्थिती पाहता 'रीझनेबल' माणसाला ती गोपनीय असल्याचे समजावे. चौथा: 'इन्क्लुडिंग विदाउट लिमिटेशन', म्हणजे एवढ्यापुरते मर्यादित न ठेवता, असे म्हणून दिलेली यादी. आराखडे, तपशीलपत्रके, प्रक्रियेची मापे, किमती, ग्राहकांच्या याद्या.

भाषांतरात ते असे उतरले होते:

> 'गोपनीय माहिती' म्हणजे उघड करणाऱ्या पक्षाने प्राप्तकर्त्या पक्षाला कोणत्याही स्वरूपात उघड केलेली, 'गोपनीय' अशी खूण असलेली, तिचे स्वरूप व उघड करतानाची परिस्थिती पाहता कोणत्याही सुज्ञ व्यक्तीला गोपनीय वाटेल अशी तांत्रिक व व्यावसायिक माहिती, म्हणजेच आराखडे, तपशीलपत्रके, प्रक्रियेची मापे, किमती आणि ग्राहकांच्या याद्या.

शेजारी मूळ ठेवून शब्दागणिक बोट फिरवले, तर जवळजवळ प्रत्येक शब्दाला जोडीदार सापडतो. खूण आहे, स्वरूप आहे, परिस्थिती आहे, यादी पूर्ण आहे. फार तर 'त्याच्या वतीने' गळले आहे, एवढे सापडेल. भाषांतराच्या कामासाठी आयएसओ १७१०० हे मानक २०१५ साली आले. त्यात भाषांतरकाराने स्वतः केलेली तपासणी वेगळी धरली आहे, आणि दुसऱ्या माणसाने मूळ व भाषांतर समोरासमोर ठेवून केलेली तपासणी वेगळी. ही दुसरी पायरी सक्तीची आहे. पण समोरासमोर ठेवून नेमके काय पाहायचे, ते प्रत्येक प्रकारच्या कागदाला वेगळे असते. व्याख्येच्या बाबतीत शब्द जुळवणे पुरत नाही, कारण व्याख्या म्हणजे गाळणी असते. तिच्यातून काय आत येते आणि काय बाहेर राहते, हे काहीतरी ओतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी ओतून पाहते. त्या धंद्यात खरोखर हातात पडतील अशा माहितीच्या काही वस्तू कागदावर लिहून काढते. मग मूळ व्याख्या घेऊन प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते: आत की बाहेर? उत्तर लिहून कागद उलटा ठेवते. त्यानंतर फक्त भाषांतर हातात घेते, मूळ बाजूला, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारते. ज्या ओळीत उत्तरे वेगळी येतात, तिथे अर्थ सरकलेला असतो. शब्द कितीही निष्पाप दिसले तरी. वस्तू निवडताना एक पथ्य पाळावे लागते: ठळक उदाहरणे निरुपयोगी असतात. खूण मारलेला आराखडा दोन्हीकडे आतच असतो, त्यातून काही कळत नाही. कडेवरच्या वस्तू घ्याव्या लागतात.

या करारासाठी पहिली वस्तू मी घेतली ती तोंडी सांगितलेली माहिती. कंपनीचा अभियंता बैठकीत बोलता बोलता म्हणतो, 'या मिश्रणाला १७० अंशांवर चार मिनिटे द्या.' कागद नाही, शिक्का नाही. मूळ व्याख्येत ही माहिती आत येते, कारण तिसऱ्या तुकड्याच्या उत्तरार्धाने तिला जागा दिली आहे. बंद खोलीत, याच कामासाठी, याच कराराखाली सांगितलेले माप गोपनीय आहे हे कोणाही समंजस माणसाला कळेल. भाषांतरात ती बाहेर राहते. तिथे खूणही हवी आणि गोपनीयही वाटायला हवे.

'किंवा' गेला कुठे? भाषांतरकाराने तो गाळला नव्हता. मराठी वाक्याने तो गिळला. इंग्रजीत नामानंतर विशेषणवाक्ये लटकतात आणि त्यांच्यामध्ये 'ऑर' ठळकपणे उभा राहतो. मराठीत तीच विशेषणे नामाच्या आधी एका रांगेत येतात: केलेली, असलेली, वाटेल अशी. अशी रांग आपण नेहमी बेरीज म्हणूनच वाचतो. 'उंच, गोरी, चष्मा लावलेली बाई' म्हटले की तिन्ही गोष्टी एकाच बाईत हव्यात. स्वल्पविराम इथे निमूटपणे 'आणि' होतो. त्यामुळे वाक्य जितके सफाईदार मराठीत ओघवते होईल, तितका हा धोका वाढतो. व्याख्येत 'ऑर' दिसला की मी भाषांतरात आधी त्याचाच शोध घेते, आणि तो विशेषणांच्या रांगेत सापडला तर तिथे ठेवत नाही. रांग मोडून खाली दोन क्रमांकित पर्याय करते आणि वर 'पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट लागू असल्यास' असे लिहिते. वाक्याचे सौष्ठव थोडे जाते. जाऊ दे.

तो उत्तरार्ध वकिलाने सवयीने टाकलेली शेपटी नाही, हेही सांगायला हवे. १९६८ साली इंग्लंडमध्ये कोको विरुद्ध क्लार्क हा खटला झाला. मोपेडच्या इंजिनावरून तो वाद होता आणि निकाल न्यायमूर्ती मेगारी यांचा. माहिती कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे त्यांनी स्वतंत्र कसोटी म्हणून मांडले, आणि ती लावताना विचार करायचा तो माहिती घेणाऱ्याच्या जागी असलेल्या समंजस माणसाचा: विश्वासाने आपल्याला हे सांगितले जात आहे, असे त्याला कळले असते का? अनेक करारांतल्या 'रीझनेबल पर्सन'मागे ही विचारसरणी आहे. म्हणून त्या माणसाचे मराठी नाव काय ठेवायचे यालाही महत्त्व येते. 'तज्ज्ञ व्यक्ती' लिहिले तर कसोटी वर जाते, 'सामान्य माणूस' लिहिले तर खाली येते. रस्त्यावरच्या सामान्य माणसाला साच्याचे तापमान हे गुपित असू शकते याची कल्पनाही नसते. भाषांतरातला 'सुज्ञ' मला किंचित उंच वाटला, म्हणून मी 'समंजस' सुचवला. 'वाटेल'च्या जागी 'समजेल' मात्र आग्रहाने घेतले. वाटणे हे ज्याच्या त्याच्या मनावर असते. मूळ कसोटी मनावर सोडलेली नाही.

दुसरी वस्तू होती चाचणीचा अहवाल. कंपनीने नेमलेल्या बाहेरच्या प्रयोगशाळेने तो थेट कारखान्याला पाठवला. मूळात आत, कारण कंपनीच्या वतीने दिलेली माहितीही धरली आहे. भाषांतरात 'त्याच्या वतीने' नसल्यामुळे बाहेर. ही सरळ गळती होती, तिच्यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही.

तिसरी वस्तू मला जास्त मोलाची वाटते, कारण ती सुचायला त्या धंद्याशी थोडी ओळख लागते. अपयशाची माहिती. कंपनीने पूर्वी एक वेगळे मिश्रण वापरून पाहिले होते, गरम तेलात ते फुगत होते, म्हणून सोडून दिले. ही गोष्ट आराखड्यात नसते, मापांत नसते, किमतीतही नसते. पण स्पर्धकाला ती कळली तर त्याचे कित्येक महिने वाचतात. मूळ व्याख्येत ती आत आहे, कारण यादी फक्त नमुन्यादाखल आहे. भाषांतरात मात्र यादीआधी 'म्हणजेच' आला आहे. 'म्हणजेच' नंतर जे येते ते आधीच्या शब्दाची जागा घेते; यादी तिथे संपली की व्याख्याही संपते. पाच वस्तू आत, बाकी सगळे जग बाहेर. 'इत्यादी' लावून हे सुधारेल असे वाटते, पण 'इत्यादी' त्याच जातीच्या आणखी वस्तूंपुरते पसरते, आणि फसलेल्या मिश्रणाची हकीकत आराखड्यांच्या किंवा किमतींच्या जातीची आहे का, यावर वाद उभा राहतो. मूळ जितके स्पष्ट आहे तितके मराठीतही स्पष्ट म्हणावे: यांचा समावेश होतो, मात्र ती एवढ्यापुरतीच मर्यादित नाही.

इथपर्यंत बांध एकाच दिशेने सरकत होता. माहिती घेणाऱ्याच्या फायद्याचा, देणाऱ्याच्या तोट्याचा. मग मी अपवादांकडे वळले, आणि तिथे तो उलट्या बाजूला गेलेला होता.

व्याख्येनंतर काय गोपनीय नाही, हे सांगणारे कलम येते. बहुतेक करारांत त्यात चार गोष्टी असतात: जी माहिती सर्वांना उपलब्ध आहे किंवा पुढे होते, जी घेणाऱ्याकडे आधीच होती, जी त्याला दुसऱ्याकडून रीतसर मिळाली, आणि जी त्याने स्वतःच्या बळावर शोधून काढली. मूळात तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीच्या मध्ये एकच 'ऑर' होता, आणि इंग्रजीच्या रिवाजाने तो चारही गोष्टींना लागू होतो. भाषांतरात असे होते:

> पुढील अटी पूर्ण करणारी माहिती गोपनीय माहिती समजली जाणार नाही : (क) कराराचा भंग न होता जनतेला उघड असलेली, (ख) प्राप्तकर्त्या पक्षाकडे आधीपासून असलेली, (ग) अन्य व्यक्तीकडून कायदेशीररीत्या मिळालेली, (घ) प्राप्तकर्त्या पक्षाने स्वतंत्रपणे विकसित केलेली.

'पुढील अटी पूर्ण करणारी'. कोणीही मराठी वाचक याचा अर्थ 'सगळ्या अटी' असाच घेईल. आता वस्तू ओतून पाहा. कारखान्याची स्वतःची जुनी पद्धत आहे: साचा उघडण्याआधी दाब थोडा सैल करून अडकलेली हवा बाहेर सोडायची. ती ते कंपनीची भेट होण्याच्या कितीतरी आधीपासून वापरतात. कंपनीने दिलेल्या कागदातही, गोपनीय अशी खूण असलेल्या पानावर, तीच पद्धत लिहिलेली आहे. मूळ करारात ती 'आधीपासून असलेली' या एका कारणाने सुटते. भाषांतरात तिला सुटायचे तर ती आधीपासून असायला हवी, शिवाय जगाला माहीत असायला हवी, शिवाय तिसऱ्याकडून मिळालेली असायला हवी, शिवाय स्वतः शोधलेली असायला हवी. शेवटच्या दोन गोष्टी तर एकत्र नांदूच शकत नाहीत. म्हणजे या वाचनात अपवादाचे कलम कागदावर आहे आणि त्यातून सुटू शकणारी एकही माहिती नाही. कारखान्याच्या मालकांनी हे वाचून सही केली असती, तर स्वतःचीच पद्धत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात वापरताना त्यांचा हात अडखळला असता.

ही चूक किती सहज होते ते पाहण्यासारखे आहे. मुद्दे एकाखाली एक लिहिले की भाषांतरकाराला शेवटचा 'किंवा' अनावश्यक वाटतो, आणि ओळखीचे वाक्य म्हणून वर 'अटी' हा शब्द येऊन बसतो. मी 'अटी' काढून टाकला. 'पुढीलपैकी कोणताही एक प्रकार लागू होत असेल, तर ती माहिती' असे केले, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर 'किंवा' लिहिला. तो पुनरुक्तीचा दोष मी आनंदाने पत्करते.

त्याच कलमातल्या (क)मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली होती. मूळात सर्वांना उपलब्ध झालेली माहिती सुटते, फक्त ती घेणाऱ्या पक्षाने करार मोडल्यामुळे उपलब्ध झालेली नसावी. 'कराराचा भंग न होता' यात भंग कोणी केला ते सांगितलेले नाही. कर्ता हरवला की जबाबदारीही तरंगत राहते. 'असलेली' मध्ये पुढचा काळही गेला. मूळात आज उपलब्ध असलेली आणि उद्या होणारी, दोन्ही धरल्या आहेत. पुढच्या वर्षी कंपनीनेच ती मापे माहितीपत्रकात छापली, तर कारखान्याला ती गुपिते म्हणून सांभाळत बसायची गरज उरत नाही. भाषांतरावरून हे ठामपणे सांगता आले नसते.

अपवादांच्या शेवटी एक वाक्य होते, जे अनेक करारांत असते: माहितीचे सुटे भाग सर्वांना उपलब्ध आहेत, निव्वळ एवढ्यामुळे त्यांची विशिष्ट जुळणी सर्वांना उपलब्ध आहे असे समजू नये. यामागे जुना विचार आहे. इंग्लंडमधल्या १९४८ च्या साल्टमन खटल्यात न्यायाधीश लॉर्ड ग्रीन यांनी सांगितले होते की कोणालाही मिळणाऱ्या साहित्यावर एखाद्याने डोके चालवून केलेले काम गोपनीय असू शकते. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३९ मध्येही गुप्ततेचा विचार सुट्या घटकांचा नव्हे, तर त्यांच्या नेमक्या रचनेचा आणि जुळणीचा करायला सांगितले आहे. आमच्या भाषांतरात ते वाक्य असे आले: 'माहितीचे घटक सार्वजनिक असल्यास ती सार्वजनिक समजली जाणार नाही.' यातून 'निव्वळ' तेवढा गेला. पण त्या एका शब्दाअभावी वाक्य भलतेच झाले. आता घटक सार्वजनिक असणे हेच माहिती कायम गोपनीय राहण्याचे कारण बनले, मग संपूर्ण जुळणी जरी एखाद्या मासिकात छापून आली तरी. 'केवळ', 'निव्वळ', 'फक्त' हे शब्द भाषांतरात गळण्याची शक्यता फार, आणि कुठे बसतात यावर त्यांचा अर्थ ठरतो. ते मी मूळात रंगाने खुणावून ठेवते आणि एकेक मोजून घेते.

आता 'उघड'. या शब्दाने मला बराच वेळ थांबवले. 'डिस्क्लोज'साठी तो सर्रास वापरला जातो आणि एरवी त्यात काही वावगे नाही. पण या करारात त्याला दोन विरुद्ध कामे दिली गेली होती. व्याख्येत 'उघड केलेली माहिती' म्हणजे कंपनीने कारखान्याला विश्वासाने दिलेली. अपवादात 'उघड असलेली माहिती' म्हणजे जगजाहीर. एकाच कागदावर एकच शब्द गुपितासाठीही आणि जाहीर गोष्टीसाठीही. अक्षरशः वाचले तर गोपनीय होण्याची पहिली अट आणि गोपनीय न राहण्याचे पहिले कारण जवळजवळ सारखे दिसतात. न्यायालयात असा युक्तिवाद टिकेल असे मला वाटत नाही, पण कारखान्यातला पर्यवेक्षक न्यायालयात बसलेला नसतो. त्याने कलम वाचून स्वतःचे वागणे ठरवायचे असते. म्हणून पक्षांना 'माहिती देणारा पक्ष' आणि 'माहिती घेणारा पक्ष' अशी साधी नावे दिली, क्रियापद 'देणे' घेतले, आणि जगजाहीरसाठी 'सर्वांना उपलब्ध' असे लिहिले. 'उघड' दोन्हीकडून हटवला.

यातून एक नवा प्रश्न आला. कारखान्याचा माणूस कंपनीच्या आवारात गेला आणि त्याने भिंतीवरचा तक्ता पाहिला, तर ती माहिती 'दिली' गेली का? 'डिस्क्लोज'मध्ये ते बसते की नाही, हे मूळातही नि:संदिग्ध नव्हते. 'दिलेली, दाखवलेली किंवा नजरेस पडलेली' असे लिहून मी ते सहज मिटवू शकले असते. तसे केले नाही. मूळात नसलेली स्पष्टता भाषांतरात घालणे हाही बांध सरकवण्याचाच प्रकार आहे, मग हेतू कितीही चांगला असो. तो प्रश्न मी वकिलांकडे पाठवायच्या यादीत टाकला.

व्याख्या दुरुस्त झाल्यावरही काम उरते, कारण ती पुढे जिथे जिथे वापरली आहे तिथे ओळखू यायला हवी. इंग्रजी करारात व्याख्या केलेल्या शब्दांची आद्याक्षरे मोठी असतात. 'कॉन्फिडेन्शियल इन्फर्मेशन' मोठ्या अक्षरांनी लिहिले की ती व्याख्येतली. लहान अक्षरांनी 'कॉन्फिडेन्शियल' आले की नेहमीच्या अर्थाने. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे ही खूण भाषांतरात पूर्णपणे पुसली जाते. या करारात एका कलमात म्हटले होते की हा करार झाला आहे ही गोष्टही गोपनीय ठेवावी. मूळात तिथे लहान अक्षरे होती. मराठीत 'कराराविषयीची गोपनीय माहिती' असे झाल्यामुळे ती व्याख्येतली माहिती वाटू लागली, आणि मग तिच्यामागे परत करण्याचे आणि नष्ट करण्याचे कलमही लागले. अस्तित्वाची वस्तुस्थिती परत कशी करायची?

दुसऱ्या टोकाला, भाषांतरकाराने चांगल्या मराठीच्या सवयीने पुनरुक्ती टाळली होती. कुठे 'गोपनीय माहिती', कुठे 'गुप्त माहिती', एका ठिकाणी 'गोपनीय बाबी'. लेखात हे शोभते. करारात वाचणारा म्हणतो, शब्द वेगळा आहे म्हणजे गोष्टही वेगळी असणार. आम्ही व्याख्येतला शब्दप्रयोग सगळीकडे ठळक ठशात ठेवायचे ठरवले आणि तसे व्याख्येतच नमूद केले. मग शोध लावून मूळातली आणि भाषांतरातली त्याची ठिकाणे एकेक जुळवली. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, तरी 'माहितीचा', 'माहितीला' ही रूपे शोधात सापडतात. पण 'सदर माहिती', 'अशी माहिती' आणि नुसता 'ती' सापडत नाहीत. ती कलमे डोळ्यांनीच वाचावी लागतात.

एवढे करण्याऐवजी मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घ्या आणि मूळाशी ताडून पाहा, असे बऱ्याचदा सुचवले जाते. त्याचा उपयोग आहे. 'त्याच्या वतीने' गळले होते ते त्यात लगेच दिसले असते. पण उलट भाषांतर करणारा माणूस जाणकार असतो, आणि जाणकार माणूस संदिग्ध वाक्य वाचताना त्याचा शहाणा अर्थ आपोआप लावतो. 'उघड केलेली' त्याच्या हातून सरळ 'डिस्क्लोज्ड' होते. अपवादांची यादी पाहताच शेवटी 'ऑर' त्याच्या बोटांतून उमटतो, कारण असे करार त्याने पाहिलेले असतात. कागद पुन्हा इंग्रजीत निर्मळ होतो आणि मराठीतला गोंधळ मराठीतच राहतो.

दुसरे आश्वासन असते शेवटच्या कलमाचे: दोन भाषांत फरक आढळल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जाईल. या करारातही ते होते. वाद झाल्यावर ते उपयोगी पडते. पण गोपनीयता पाळली जाते किंवा मोडते ती वाद होण्याच्या कितीतरी आधी, कोणी माणूस फोनवर काय बोलायचे आणि काय नाही हे ठरवतो त्या घडीला. तो निर्णय त्याला कळणाऱ्या पाठावरून घेतला जातो. एकदा बाहेर गेलेले माप कोणत्याही पाठाच्या आधारे परत आत आणता येत नाही.

शेवटी व्याख्या अशी उभी राहिली:

> गोपनीय माहिती याचा अर्थ, माहिती देणाऱ्या पक्षाने किंवा त्याच्या वतीने माहिती घेणाऱ्या पक्षाला कोणत्याही स्वरूपात देण्यात आलेली, तांत्रिक असो वा व्यावसायिक, अशी कोणतीही माहिती, जिला पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट लागू होते : (१) तिच्यावर ती गोपनीय असल्याची खूण आहे, किंवा (२) तिचे स्वरूप किंवा ती देतानाची परिस्थिती पाहता, ती गोपनीय आहे हे समंजस व्यक्तीला समजेल. अशा माहितीत आराखडे, तपशीलपत्रके, प्रक्रियेची मापे, किमती आणि ग्राहकांच्या याद्या यांचा समावेश होतो. मात्र ती एवढ्यापुरतीच मर्यादित नाही.

सगळ्या वस्तू पुन्हा एकदा ओतून पाहिल्या. उत्तरे जुळली, एक सोडून. बाजारात कुठेही मिळणाऱ्या साध्या बोल्टचा, खूण नसलेला आराखडा. मूळ वाक्य एकसंध असल्यामुळे त्यात यादी कसोटीला बांधलेली वाटत होती: आराखडा असला तरी खूण हवी किंवा परिस्थिती हवी. मी वाक्य तोडून यादी वेगळी केली, तेव्हा 'आराखडे यांचा समावेश होतो' हे स्वतंत्र विधान बनले, आणि साध्या बोल्टचा आराखडाही कसोटीशिवाय आत शिरू लागला. पुन्हा जोडले तर विशेषणांची ती रांग परत येणार. मूळ दुसऱ्यांदा वाचल्यावर जाणवले की इंग्रजीतही हे दोन्ही अर्थ निघू शकतात, फक्त तिथे ते कोणाच्या नजरेत आले नव्हते.

भिंतीवरच्या तक्त्याच्या प्रश्नाबरोबर हाही वकिलांना पाठवला, दोन्ही वाचने आणि बोल्टचे उदाहरण लिहून. त्यांचे उत्तर आले की यादीतल्या वस्तूही दोनपैकी एका कसोटीला उतरायलाच हव्यात, आणि कंपनीच्या आवारात पाहिलेली माहिती दिलेलीच समजायची आहे. त्यांनी आधी इंग्रजी पाठात ही दोन्ही वाक्ये घातली. मग आम्ही मराठीत यादीच्या आधी 'वरील कसोटीला उतरणारे' हे शब्द घातले, दिलेल्या माहितीत आवारात पाहिलेली माहितीही येते हे वाक्य जोडले, आणि बोल्टच्या आराखड्याचे उत्तर दोन्हीकडे सारखे येते याची खात्री करून कागद सहीला पाठवला.